लिनन, सिल्क, पॉलिएस्टर, वूल: इस्त्री किती गरम ठेवायची

प्रश्न: दादा, परवा पॉलिएस्टरच्या कुर्त्याला इस्त्री चिकटली आणि बाहीवर कडक चकचकीत डाग पडला. आता सासूबाईंची पैठणी, ह्यांचा लिननचा शर्ट आणि लोकरीचा ब्लेझर इस्त्री करायचाय पण हात धजत नाही. माझ्या इस्त्रीच्या नॉबवर नायलॉन, सिल्क, वूल, कॉटन, लिनन एवढंच लिहिलंय, पॉलिएस्टर कुठेच नाही. कुठल्या कपड्याला नेमकी किती डिग्री ठेवायची?

उत्तर:

ताई, आधी आकडे सांगतो, मग ते तुमच्या इस्त्रीवर कसे ओळखायचे ते सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे.

पॉलिएस्टरला ११० ते १२० डिग्री, कापड जाड असेल तर वर सुती कापड टाकून फार तर १५०. सिल्कला १२० ते १४०. लोकरीला १५० च्या आसपास, पण मध्ये ओलं कापड पाहिजेच. लिननला २०० पर्यंत. कपड्याच्या आत शिवलेल्या लेबलवर इस्त्रीचं छोटं चित्र असतं आणि त्यात टिंबं असतात, एक टिंब म्हणजे साधारण ११०, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००, आणि इस्त्रीवर फुली मारली असेल तर इस्त्री लावायचीच नाही. तुमच्या नॉबवर पॉलिएस्टर नाही ना, मग नायलॉन लिहिलंय तिथेच ठेवायचं. नॉबच्या कडेलाही बऱ्याचदा हीच टिंबं असतात, ती लेबलशी जुळवलीत की नाव नसलं तरी काम होतं.

आता मेख अशी की नॉब सिल्कवर ठेवला म्हणजे तळ सिल्कच्या तापमानाला आला असं होत नाही. आतला थर्मोस्टॅट दोन धातूंची पट्टी वाकून चालतो, तो एका ठरलेल्या डिग्रीवर थांबत नाही, थोडा वर जातो, बंद होतो, खाली येतो, परत चालू होतो. आणि सगळ्यात जास्त वर जातो तो पहिल्याच वेळी, थंड इस्त्री चालू केल्यावर. म्हणून लाल दिवा पहिल्यांदा विझला की लगेच कपड्याला हात लावायचा नाही, दिवा परत लागून दुसऱ्यांदा विझू द्यायचा आणि मगच सुरू करायचं. मला वाटतं तुमच्या कुर्त्याचं हेच झालं असणार, किंवा मग त्याच्या आधी कॉटनचं काहीतरी इस्त्री केलं असेल आणि नॉब खाली फिरवून लगेच कुर्ता घेतला असेल. इस्त्री तापायला दोन-तीन मिनिटं लागतात पण निवायला दहा-पंधरा, जड इस्त्रीला तर त्याहूनही जास्त, नॉब खाली गेला तरी तळ तसाच तापलेला असतो.

माझे वडील कोळशाच्या इस्त्रीवर काम करायचे, तिला नॉब कुठला असायला. निखारे ताजे असताना ते आधी धोतरं, सुती शर्ट, चादरी काढायचे आणि निखाऱ्यावर राख धरायला लागली, ऊब उतरली की मग रेशमी साड्या घ्यायचे, म्हणजे गरमकडून थंडकडे. विजेच्या इस्त्रीला बरोबर उलटं करावं लागतं कारण ती चढते पटकन आणि उतरते सावकाश. म्हणून तुमचे कपडे आधी पॉलिएस्टर, मग पैठणी, मग ब्लेझर आणि शेवटी लिनन ह्याच क्रमाने घ्या. हा एक क्रम पाळला तरी घरातले बरेचसे जळीत प्रकार टळतात.

तळ किती तापलाय हे बघायला दुकानात आम्ही अजूनही पाण्याचा थेंबच वापरतो. इस्त्रीचा प्लग काढायचा, ती उभी करायची आणि ओल्या बोटाने तळावर एक थेंब झटकायचा, वाफेच्या भोकांपासून लांब. थेंब जागच्या जागी हळूहळू उकळून आटला तर पॉलिएस्टर आणि सिल्कचं काम होईल. चर्र करून क्षणात उडून गेला तर ती लोकरीची ऊब झाली. आणि थेंबाच्या गोळ्या होऊन त्या तळावरून घरंगळत पळाल्या तर ती लिननची इस्त्री, तिला सिल्कजवळ आणू नका. आणखी एक खात्री म्हणून पांढऱ्या सुती चिंधीवर इस्त्री दहा सेकंद तशीच ठेवून बघा, चिंधी जराशी जरी पिवळसर झाली तरी ती लिननलाही जास्तच आहे. ते बंदुकीसारखं दुरून तापमान दाखवणारं मशीन हल्ली लोक घेतात, पण चकचकीत स्टीलच्या तळावर ते आकडा बराच कमी दाखवतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

सुरुवात करायच्या आधी तळ साफ करा कारण कुर्त्याचं वितळलेलं पॉलिएस्टर त्यावर असणार आणि ते पैठणीला लागलं तर निघणार नाही. इस्त्री मध्यम तापवा, चिकटलेलं मऊ झालं की प्लग काढा, लाकडी उलथण्याने हलकेच खरवडा आणि जाड जुन्या सुती कापडावर तळ घासून घ्या, खिडकी उघडी ठेवा कारण वास येतो. सुरी किंवा तारेची घासणी लावायची नाही, नॉनस्टिक तळ असेल तर अजिबातच नाही, चरा पडला की पुढे प्रत्येक नाजूक कापड त्यात अडकतं.

पॉलिएस्टरचं कसं असतं, ते मुळात प्लॅस्टिकच. साधारण ७०-८० डिग्रीलाच त्याचा धागा आतून सैल व्हायला लागतो आणि थंड झाला की ज्या आकारात असेल त्या आकारात घट्ट बसतो, म्हणून त्याला जास्त उष्णता लागतच नाही. ११० ची इस्त्री हलक्या हाताने फिरवली की सुरकुती जाते. न जाणारी जी सुरकुती असते ती बहुतेक गरम पाण्यात धुऊन कपडा गरम असतानाच पिळल्यामुळे बसलेली असते, तिच्यावर नॉब वाढवू नका, ओलसर सुती कापड टाकून पाच-सहा सेकंद दाबा, उचला आणि तो भाग हाताने ताणून धरून निवू द्या. निवताना सरळ धरणं हे अर्धं काम आहे, गरम असताना हँगरला कसाबसा लटकवला की नवीन चुणी बसलीच. धागा पूर्ण वितळतो २५० च्या पुढे, पण त्याच्या बरंच आधी, २०० च्या आसपास तो पृष्ठभागावर मऊ होऊन चपटा होतो आणि तीच ती चकाकी. इस्त्री सरकवताना हाताला जराशी ओढ लागली, तळ कापडाला धरतोय असं वाटलं, की त्याच क्षणी उचलायची, ती पहिली खूण आहे आणि त्या वेळेपर्यंत अजून काही बिघडलेलं नसतं. कपडा नेहमी उलटा करून इस्त्री करा म्हणजे चुकून चमक आलीच तरी आतल्या बाजूला येईल.

कपडा कशाचा आहे हेच माहीत नसेल, लेबल कापून टाकलं असेल, तर आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून जाळून बघा. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि शेवटी टोकाला काळा टणक मणी राहतो जो बोटाने चुरडत नाही. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते. सुती आणि लिनन कागदासारखं जळतं, मऊ करडी राख राहते. बाजारात सिल्क म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यातलं पुष्कळसं हा मणी सोडतं, मग त्याला पॉलिएस्टर समजूनच वागवायचं. मिक्स कापड असेल, टेरीकॉट वगैरे, तर त्यातल्या सगळ्यात नाजूक धाग्याचं तापमान धरायचं, कॉटन किती टक्के आहे ह्याला अर्थ नाही.

आता पैठणी. इथे मी जरा सावकाश सांगतो कारण माझ्या हातून एक साडी बिघडलेली आहे. दुकानात नवीन होतो तेव्हाची गोष्ट, एका बाईंची लग्नातली रेशमी साडी होती, पदराची घडी निघेना म्हणून मी कॉटनला मारतो तसा पाण्याचा फवारा मारला आणि इस्त्री फिरवली. घडी गेली पण जिथे जिथे थेंब पडला होता तिथे कडेला गडद रेघ असलेली गोल गोल वर्तुळं उठली आणि ती ड्रायक्लीनिंगलाही पूर्ण गेली नाहीत. त्या बाई काही बोलल्या नाहीत, साडी घेऊन गेल्या, पण मला ते अजून आठवतं आणि त्या दिवसापासून रेशमावर मी थेंब म्हणून पाडलेला नाही. होतं काय, की थेंब पसरतो तसा रेशमावरचा रंग, खळ, जे काय सुटत असेल ते कडेला ढकलतो आणि सुकला की ती कड दिसते. म्हणून रेशीम एक तर पूर्ण कोरडं इस्त्री करायचं, नाहीतर सगळीकडे सारखा दमटपणा द्यायचा, मधलं काही नाही.

आणि इथेच स्टीम इस्त्रीचा एक धोका आहे जो लोकांना माहीत नसतो. घरच्या बहुतेक स्टीम इस्त्र्यांना वाफ करायला दोन टिंबांएवढी तरी उष्णता लागते. तुम्ही नॉब एका टिंबावर ठेवून वाफेचं बटण चालू ठेवलं तर पाण्याची वाफ होत नाही, ते भोकातून थेंब थेंब गळतं, आणि बोअरचं पाणी भरलेलं असेल तर त्यात पांढरा नाहीतर तांबूस गाळही येतो. तर पैठणीला आणि पॉलिएस्टरला वाफ बंद, टाकी रिकामी.

करायचं असं. टेबलावर जाड सुती चादर दुपदरी घाला, तिच्यावर धुतलेला, खळ गेलेला मांजरपाट. साडी उलटी पसरा, म्हणजे जरीची पाठ वर येईल. साडीवर आणखी एक पांढरं मऊ सुती कापड, जुनं धोतर असेल तर फारच छान. आधी साडीच्या आत जाणाऱ्या टोकाला, जे कमरेला खोचलं जातं तिथे चार बोटं जागेवर करून बघा, पाच सेकंद ठेवा, उचला, कापड पूर्ण निवल्यावर उजेडात तिरकं धरून बघा की रंग बदलला का, चमक बदलली का. ठीक असेल तर पुढे जा. मधल्या अंगाला इस्त्री उभ्या ताण्याच्या दिशेने हलकेच सरकवायची, काठ आणि पदरावर मात्र सरकवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. जरतार खरी चांदीची असेल तर तिला ऊब फार बाधत नाही पण दाबाने ती चपटी होते आणि तिचा उठाव जातो, आणि जर प्लॅस्टिकच्या पट्टीवर चढवलेली असेल, हल्ली पुष्कळ साड्यांना तशीच असते, तर जास्त उष्णतेने ती पट्टी आक्रसते, काठ लाटालाटांचा होतो आणि तो परत सरळ होत नाही. काठ आखडायला लागला असं दिसलं तर तिथेच थांबा. फारच घट्ट बसलेली घडी असेल तर वरचं कापड ओलं करून, कचकचून पिळून, टॉवेलमध्ये आणखी एकदा दाबून, नुसतं दमट राहिलेलं असं पसरा आणि त्यावरून इस्त्री ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी जाते. हे फक्त अंगाला, जरीवर नाही. एकाच जागी पाच-सहा सेकंदांच्या वर नको. रेशीम जास्त तापलं तर पांढऱ्याला पिवळी झाक येते आणि कापड कडकडीत होतं, आणि तिथून ते पुढे विरायला लागतं. साडी झाल्यावर अर्धा तास उघडी राहू द्या, उबदार असताना कपाटात घडी घातली की त्याच घड्या परत बसतात.

लोकरीच्या ब्लेझरला नियम एकच, कोरडी इस्त्री थेट लावायची नाही. लोकर म्हणजे केसच, तिला ओल आणि ऊब मिळाली की ती वाकते आणि सुकली की आकार धरते, नुसती कोरडी ऊब दिली तर ती रुक्ष होते आणि चपटी होऊन चकाकते. नॉब वूलवर, दिवा दुसऱ्यांदा विझलेला. मांजरपाटाचा तुकडा ओला करून पिळायचा, ब्लेझरवर पसरायचा, इस्त्री ठेवायची, वाफ निघेल, सात-आठ सेकंदांनी उचलायची, शेजारी ठेवायची. पुढे-मागे घासायची नाही, ओली गरम लोकर घासली की ती जमते आणि ताणलीही जाते. त्या ओल्या कापडाचा दुसरा फायदा असा, की त्यात पाणी आहे तोवर खालचा कपडा १०० च्या आसपासच राहतो, इस्त्री १५० ला असली तरी. पण कापड सुकलं की ते संरक्षण संपलं, म्हणून वाफ निघायची थांबली की लगेच उचलायचं आणि कापड परत ओलं करायचं. वास केस जळल्यासारखा यायला लागला तर उशीर व्हायला लागलाय असं समजा.

खिशांच्या आणि कॉलरच्या जाड शिवणींवर दाबू नका, आतल्या दुमडीचा ठसा बाहेर उमटतो. खिशाच्या झाकणाखाली जाड कागदाची पट्टी सरकवा आणि मग वर इस्त्री ठेवा. खांद्याला घट्ट गुंडाळलेला टॉवेल आतून धरा, सपाट टेबलावर खांदा दाबला तर त्याची गोलाई मोडते. अस्तर बहुतेक पॉलिएस्टरचं असतं, त्याला वूलवरची इस्त्री थेट लावू नका, ते आधी पॉलिएस्टरच्या वेळेलाच आतून उरकून घ्या. कोपरावर आधीच चमक आली असेल तर लोकरीची ती बऱ्याच अंशी जाते, इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून वाफ द्या आणि कपड्याच्या मऊ ब्रशने लव उलटी उठवा. स्वेटरला तर इस्त्री टेकवायचीच नाही, अशीच वरून वाफ द्यायची, नाहीतर मनगटाची आणि कमरेची विणीची पट्टी कायमची ढिली पडते.

राहिला लिननचा शर्ट. लिनन गरम इस्त्री सोसतं म्हणून लोक वाळलेल्या शर्टावर जोर काढतात, घाम निघतो पण सुरकुती जात नाही, कारण लिननच्या धाग्याला पाणी मिळाल्याशिवाय तो सैलच पडत नाही. शर्ट दोरीवरून पूर्ण सुकायच्या आधी, हाताला थंड दमट लागतो तेव्हाच काढा. सुकून गेला असेल तर पाणी शिंपडा, घट्ट गुंडाळी करा आणि अर्धा तास टॉवेलमध्ये ठेवा म्हणजे ओल आतपर्यंत एकसारखी जाते, वरवर फवारा मारून लगेच इस्त्री केली तर फक्त वरचा भाग सरळ होतो. मग नॉब लिननवर, वाफ हवी तेवढी, आणि इथे मात्र दाब देऊन सरकवायचं, ताण्याच्या नाहीतर बाण्याच्या दिशेने, तिरकं ओढलं की शर्टाचा घेरा वाकडा होतो. क्रम कॉलर, कफ, बाह्या, खांदा, मग पुढचे भाग आणि पाठ, म्हणजे मोठे भाग झाल्यावर परत चुरगळत नाहीत. कॉलर टोकाकडून मध्याकडे, उलट केलं तर टोकाला चुणी साठते. गडद रंगाचा लिनन उलटा करूनच करा, सरळ बाजूने इतक्या गरम इस्त्रीने शिवणींवर चमक येते. बटणं प्लॅस्टिकची असतात, त्यांच्यावरून तळ नेऊ नका, बाजूने टोक फिरवा.

लिननला दर वेळी एकाच जागी कडक धार पाडू नका, विशेषतः बाहीवर आणि पँटवर. लिननचा धागा मजबूत असला तरी त्याला लवचिकता कमी, वर्षानुवर्षं तीच घडी तापवून दाबली की तिथेच धागे तुटतात आणि घडीवर पांढरट रेघ दिसायला लागते. आणि शर्ट झाला की जराशी ओल असतानाच हँगरला लावा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच पूर्ण सुकू द्या, दमट असताना घडी घालून ठेवला तर सकाळी परत इस्त्री करावी लागेल.

तुमच्या कुर्त्याच्या बाहीचं म्हणाल तर तो कडक भाग परत मऊ होणार नाही, धागेच एकमेकांत मिसळलेत, व्हिनेगर लावा, लिंबू लावा, काही उपयोग नाही आणि परत गरम इस्त्री लावली तर भोक पडेल. डाग कोपराच्या खाली असेल तर शिंप्याकडून बाही तेवढी कापून पाऊण करून घ्या, वर असेल तर उरलेल्या कापडाची पट्टी दोन्ही बाह्यांना सारखी लावता येते.